निघून कोण जाणार? कार्बोनिलच्या शंभर समीकरणांचं एक प्रकरण

विद्यार्थिनी पदवीच्या दुसऱ्या वर्षाची. अभ्यासात नियमित, आणि ऑरगॅनिकची वही इतकी नेटकी की परीक्षेच्या आधी वर्गातली निम्मी मुलं तिचे फोटो काढून नेत. अल्डिहाइड, कीटोन, कार्बोक्झिलिक अ‍ॅसिड आणि त्यांचे डेरिव्हेटिव्ह एवढ्याच भागासाठी त्या वहीत शंभराच्या वर समीकरणं होती. डावीकडे सुरुवातीचा पदार्थ, बाणावर रिएजंट, उजवीकडे प्रॉडक्ट, आणि रिअ‍ॅक्शनला नाव असेल तर ते लाल शाईत. हे सगळं तिला पाठही होतं. वहीतलं समीकरण जसंच्या तसं विचारलं की उत्तर बरोबर यायचं, आणि प्रश्नात एखादा ग्रुप बदलला की उत्तर हमखास चुकायचं.

मी तिला ऑरगॅनिक शिकवत होते. तिच्या चाचणीतली दोन उत्तरं इथे देते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पहिला प्रश्न असा होता: एथिल बेंझोएटवर मिथिल मॅग्नेशियम ब्रोमाइड जास्त प्रमाणात घातलं आणि शेवटी अ‍ॅसिडचं पाणी घातलं, तर काय मिळेल?

C₆H₅COOC₂H₅ + CH₃MgBr (जास्त), नंतर H₃O⁺ → ?

तिने अ‍ॅसिटोफिनोन लिहिलं, म्हणजे C₆H₅COCH₃. दुसऱ्या प्रश्नात अ‍ॅसिटाल्डिहाइडवर सोडियम हायड्रॉक्साइड होतं, आणि तिथे तिने एथेनॉल आणि सोडियम अ‍ॅसिटेट लिहून बाणावर ‘कॅनिझारो’ असं नाव टाकलं होतं.

दोन्ही उत्तरं चूक आहेत, पण चुका एका जातीच्या नाहीत. दुसरी चूक घोकंपट्टीची नेहमीची आहे: वहीत ‘अल्डिहाइड + NaOH’ असं समीकरण सापडलं, तेच इथे चिकटवलं. पहिली चूक मला जास्त रोचक वाटली. अ‍ॅसिटोफिनोन हे उत्तर अर्ध्या वाटेपर्यंत अगदी बरोबर आहे. फ्लास्कमध्ये ते खरोखर तयार होतं. फक्त ते तिथे थांबत नाही, आणि का थांबत नाही हे समीकरणाच्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिला उपाय, जो फसला

‘मेकॅनिझम समजून घे’ असा सल्ला तिला आधीही कुणीतरी दिलेला होता आणि तिने तो मनापासून पाळला होता. प्रत्येक समीकरणाखाली पुस्तकातलं मेकॅनिझम उतरवून काढलं होतं, वाकड्या बाणांसकट. परिणाम एवढाच झाला की शंभर ओळींच्या जागी शंभर चित्रं पाठ करायची वेळ आली. चित्र ओळीपेक्षा अवघड असतं, त्यामुळे तिची स्थिती आधीपेक्षा वाईट झाली होती आणि मेकॅनिझमवरचा विश्वासही उडाला होता.

मेकॅनिझम समजलंय की त्याचं चित्र पाठ झालंय, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. तिला मी सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या उपस्थितीत बेंझोइक अ‍ॅसिड आणि मिथेनॉलचं एस्टर करायला सांगितलं. तिने पहिल्याच पायरीत CH₃O⁻ काढला. इतक्या तीव्र अ‍ॅसिडमध्ये मिथॉक्साइड आयन टिकूच शकत नाही, तो लगेच प्रोटॉन उचलून मिथेनॉल होतो. हा CH₃O⁻ दुसऱ्या कुठल्यातरी चित्रातून, बेसमधल्या रिअ‍ॅक्शनमधून, इथे आला होता. पुढच्या पायरीत तिने H⁺ पासून ऑक्सिजनकडे बाण काढला. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास दाखवतो, आणि H⁺ कडे द्यायला इलेक्ट्रॉन नसतातच. बाण ऑक्सिजनच्या जोडीपासून सुरू व्हायला हवा. तिला मात्र बाण म्हणजे ‘हा तिकडे जातो’ एवढंच वाटत होतं. ज्याला बाणाचा अर्थ कळलेला नाही त्याच्यासाठी मेकॅनिझम ही नक्षी असते, आणि नक्षी पाठच करावी लागते.

म्हणून वही बाजूला ठेवली. एकच कार्बोनिल घ्यायचा आणि त्याच्याशी काय काय होऊ शकतं ते कोऱ्या कागदावर मांडायचं, असं ठरलं.

एक कार्बन, एक प्रश्न

C=O मध्ये ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे कार्बन इलेक्ट्रॉनला भुकेला राहतो. इलेक्ट्रॉनची जोडी देऊ शकणारा कुणीही, म्हणजे न्यूक्लिओफाइल, त्या कार्बनवर येऊन बसतो. कार्बनला पाच बंध चालत नाहीत, म्हणून C=O मधल्या दोन बंधांपैकी π बंध सुटतो आणि त्याची जोडी ऑक्सिजनवर जाते. आता कार्बनभोवती चार जोडीदार आहेत आणि ऑक्सिजनवर ऋण प्रभार आहे. याला टेट्राहेड्रल इंटरमीजिएट म्हणतात. अल्डिहाइड असो, कीटोन असो, एस्टर असो की अ‍ॅसिड क्लोराइड, इथपर्यंतचा रस्ता सगळ्यांचा एकच.

इथे तिने एक चांगली शंका काढली. “मॅडम, हे मधलं कुणी पाहिलंय का? का आपण सोयीसाठी काढतो?”

प्रश्न रास्त होता. उत्तर 1951 सालचं आहे. मायरन बेंडर या रसायनशास्त्रज्ञाने बेंझोइक अ‍ॅसिडच्या एस्टरमध्ये C=O च्या ऑक्सिजनच्या जागी ऑक्सिजन-18 हा जड समस्थानिक घातला आणि त्या एस्टरचं पाण्यात हायड्रॉलिसिस सुरू केलं. रिअ‍ॅक्शन अर्धवट असतानाच थांबवून त्याने न तुटलेलं एस्टर परत मिळवलं आणि तपासलं. त्या शाबूत एस्टरमधला जड ऑक्सिजन कमी झाला होता. पाण्याकडून आलेला ऑक्सिजन थेट OR ला ढकलून त्याची जागा घेत असता, तर न तुटलेल्या एस्टरमध्ये काहीच बदलायला नको होतं. बदल झाला, याचा अर्थ ऑक्सिजन आधी कार्बनवर येऊन बसतो, दोन्ही ऑक्सिजन काही काळ सारख्या स्थितीत येतात, आणि कधी कधी आलेल्याऐवजी जुनाच बाहेर पडून एस्टर पुन्हा तयार होतं. हे घडायला मधे कुठेतरी थांबा लागतो, आणि तो थांबा म्हणजेच टेट्राहेड्रल इंटरमीजिएट.

त्या थांब्यावर विचारायचा प्रश्न एकच: ऑक्सिजनवरची जोडी परत खाली येऊन C=O जुळवू पाहते आहे, तर त्या कार्बनवरून इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन निघून कोण जाऊ शकेल? कुणी जाऊ शकत असेल तर तो जातो आणि C=O परत येतो. कुणीच जाऊ शकत नसेल तर ऑक्सिजन तसाच थांबतो, आणि शेवटी पाणी किंवा अ‍ॅसिड मिळालं की H घेऊन अल्कोहोल होतो. वहीतली ‘न्यूक्लिओफिलिक अ‍ॅडिशन’ आणि ‘न्यूक्लिओफिलिक अ‍ॅसिल सबस्टिट्यूशन’ ही दोन स्वतंत्र प्रकरणं याच फाट्यावर वेगळी होतात.

जाऊ कोण शकेल हे ठरवायला थोडं पाठांतर लागतंच. ते मी टाळलं नाही, फक्त छोटं ठेवलं. निघून जाणाऱ्या आयनला H लावला की जे अ‍ॅसिड तयार होतं, त्याचा pKa, म्हणजे ते किती तीव्र हे सांगणारा आकडा, पाहायचा. HCl चा साधारण −7, कार्बोक्झिलिक अ‍ॅसिडचा 5 च्या आसपास, अल्कोहोलचा 16, हायड्रोजन वायूचा 35 च्या आसपास, अमोनियाचा 38 च्या आसपास, मिथेनचा 50 च्या आसपास. आकडा जितका लहान, तितकं निघून जाणं सोपं. क्लोराइड आनंदाने जातो, कार्बोक्झिलेट सहज जातो, अल्कॉक्साइड जातो पण नाइलाजाने, आणि हायड्राइड, अमाइड आयन किंवा CH₃⁻ एकटे बाहेर पडत नाहीत असं धरून चालायचं. ही सहा पायऱ्यांची शिडी तिने कागदाच्या कोपऱ्यात लिहिली. तेवढीच पाठ करायची होती.

एथिल बेंझोएट, बाणाबाणाने

आता तोच चुकलेला प्रश्न पुन्हा. मिथिल ग्रुप मॅग्नेशियमकडची जोडी घेऊन कार्बोनिल कार्बनवर बसला. कार्बनभोवती आता O⁻, OC₂H₅, C₆H₅ आणि CH₃. कोण जाईल? मिथिल 50 च्या पायरीवर. फेनिल गेला तर C₆H₅⁻, म्हणजे बेंझीनची पायरी, तीही 40 च्या वर. एथॉक्साइड 16 वर. जाणार तर एथॉक्साइडच. तो गेला, C=O परत आला, अ‍ॅसिटोफिनोन तयार झालं. तिचं मूळ उत्तर इथेच थांबलं होतं.

“आता फ्लास्कमध्ये काय काय आहे ते लिही,” एवढंच मी म्हटलं.

तिने लिहिलं: अ‍ॅसिटोफिनोन, उरलेलं एस्टर, उरलेला ग्रिन्यार, म्हणजे मिथिल मॅग्नेशियम ब्रोमाइड. मग पेन थांबलं, आणि ग्रिन्यारपासून अ‍ॅसिटोफिनोनकडे तिने स्वतःच बाण काढला. कीटोनवरही C=O आहे, मग त्याला ग्रिन्यार का सोडेल? उलट कीटोन एस्टरपेक्षा चपळ. एस्टरमध्ये OC₂H₅ चा ऑक्सिजन आपली जोडी थोडीफार कार्बोनिलकडे सरकवून कार्बनची भूक भागवत असतो, कीटोनला असा आधार नसतो. दुसरा मिथिल बसला की कार्बनभोवती O⁻, C₆H₅, CH₃, CH₃. शिडी पाहिली तर जायला कुणीच लायक नाही. ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून बसून राहतो आणि शेवटी H घेतो. उत्तर 2-फेनिलप्रोपेन-2-ऑल, म्हणजे C₆H₅C(CH₃)₂OH. प्रत्यक्ष प्रयोगात इथे तीव्र अ‍ॅसिडऐवजी अमोनियम क्लोराइडचं द्रावण वापरलेलं बरं, कारण असं टर्शरी अल्कोहोल तीव्र अ‍ॅसिडमध्ये पाणी गमावून अल्कीन व्हायला टपलेलंच असतं.

मग तिने विचारलं, ग्रिन्यार मोजून एकच मोल घातला तर कीटोनवर थांबेल का? नाही थांबत. तयार झालेलं कीटोन एस्टरपेक्षा चपळ असल्यामुळे ग्रिन्यार त्यालाच आधी गाठतो. ढोबळमानाने निम्मं एस्टर तसंच उरतं आणि निम्मं टर्शरी अल्कोहोल होतं. बाणावर लिहिलेल्या ‘जास्त’ या शब्दाचा अर्थ तिला इथे कळला. ‘जास्त’ घातल्यामुळे दोनदा हल्ला होतो असं नाही, हल्ला दोनदाच होणार आहे म्हणून जास्त घालावं लागतं.

यानंतर वहीत नसलेले प्रश्न दिले. एकाच फाट्यावर उभं राहून उत्तर निघतं का, ते पाहायचं होतं.

पहिला गॅमा-ब्युटिरोलॅक्टोनचा, म्हणजे स्वतःवरच वळून रिंग झालेल्या एस्टरचा, आणि सोबत दोन मोल CH₃MgBr. तिने एथॉक्साइडसारखा काहीतरी तुकडा बाहेर जाईल म्हणून शोधायला सुरुवात केली, आणि मग तिच्या लक्षात आलं की जाणारा ऑक्सिजन साखळीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला आहे. तो कार्बोनिलपासून सुटेल, पण रेणूतून कुठे जाणार? रिंग उघडते, दुसरा मिथिल बसतो, आणि शेवटी एकाच रेणूत दोन OH उरतात: 4-मिथिलपेंटेन-1,4-डायॉल. हे उत्तर तिने कधी वाचलेलं नव्हतं.

दुसरा डायएथिल कार्बोनेट आणि भरपूर फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइडचा. एकाच कार्बोनिलवर दोन्ही बाजूंनी OC₂H₅. एक जातो, दुसरा जातो, तिसऱ्या हल्ल्यानंतर जायला कुणी उरत नाही. ट्रायफेनिलमिथेनॉल. तीन मोल का लागतात हे तिला सांगावं लागलं नाही.

तिसरा बेंझोनायट्राइल आणि CH₃MgBr चा, आणि तो मी मुद्दाम ठेवला होता. इथे प्रॉडक्ट खरंच अ‍ॅसिटोफिनोन आहे. मग एस्टरसारखा दुसरा हल्ला का नाही? तिने बराच वेळ घेतला, पण कारण बरोबर काढलं. हल्ल्यानंतर ऋण प्रभार नायट्रोजनवर येतो आणि C=N उरतो. दुसरा हल्ला झाला तर आधीच ऋण असलेल्या त्याच नायट्रोजनवर आणखी एक जोडी कोंबावी लागेल, ते होत नाही. कीटोन तयार होतं ते शेवटी अ‍ॅसिडचं पाणी घातल्यावर, आणि त्याच पाण्याने उरलेला ग्रिन्यार मेलेला असतो. हल्ला करणारा आणि हल्ला होणारा एका वेळी फ्लास्कमध्ये नसतातच.

चौथ्या प्रश्नात ती घसरली, आणि बरं झालं. बेंझोइक अ‍ॅसिड आणि CH₃MgBr. शिडी हातात आल्यामुळे तिने उत्साहात थेट कार्बोनिलवर हल्ला केला आणि OH ला बाहेर पाठवून पुन्हा तेच टर्शरी अल्कोहोल काढलं. प्रत्यक्षात फ्लास्कमध्ये मिथेनचे बुडबुडे येतात आणि काम संपतं. ग्रिन्यार न्यूक्लिओफाइल आहे तसा तीव्र बेसही आहे, आणि कार्बोक्झिलिक अ‍ॅसिडचा प्रोटॉन उचलणं त्याला हल्ल्यापेक्षा कितीतरी सोपं. उरतो तो कार्बोक्झिलेट आयन, आणि आधीच ऋण असलेल्या त्या आयनवर ग्रिन्यार सहसा जात नाही. म्हणून मुख्य प्रश्नाच्या आधी एक छोटा प्रश्न जोडावा लागला: रेणूत उचलण्याजोगा H आहे का? शिडी तीच, फक्त आता ती उलटीकडून वाचायची. मिथेनच्या 50 समोर अ‍ॅसिडचा 5 कुठल्या कुठे.

बाकीची वही

एवढं झाल्यावर वहीतला बराच भाग भराभर आवरला. लिथियम अल्युमिनियम हायड्राइड म्हणजे CH₃⁻ च्या जागी H⁻ देणारा. एस्टरवर पहिल्या हल्ल्यात अल्डिहाइड, दुसऱ्यात प्रायमरी अल्कोहोल. ग्रिन्यारचीच गोष्ट. सोडियम बोरोहायड्राइड तेच करतं, पण मवाळपणे, त्यामुळे अल्डिहाइड-कीटोनवर चालतं आणि साध्या एस्टरकडे सहसा दुर्लक्ष करतं. ऑक्झीम, हायड्रॅझोन, सेमिकार्बाझोन, इमाइन यांची चार स्वतंत्र पानं होती; चारही ठिकाणी नायट्रोजन हल्ला करतो, आणि मग त्या नायट्रोजनवर H असल्यामुळे मधला OH पाणी होऊन निघून जातो व C=N तयार होतो. इथे माध्यम सांभाळावं लागतं. ही रिअ‍ॅक्शन pH 4 ते 5 च्या आसपास सर्वात वेगाने होते. अ‍ॅसिड त्याहून बरंच जास्त झालं तर नायट्रोजनची जोडी प्रोटॉनमध्ये अडकते आणि हल्ला करायला कुणी उरत नाही. फार कमी झालं तर OH ला पाणी होऊन जाता येत नाही.

अल्डोल आणि क्लेझन या दोन नावांचा तिला विशेष धाक होता. पण तिथे बदललेला असतो तो फक्त हल्लेखोर. कार्बोनिलशेजारच्या कार्बनवरचा H बेसने उचलला की तो कार्बनच न्यूक्लिओफाइल होतो, त्याला एनोलेट म्हणतात. एनोलेट अल्डिहाइडवर बसला, जायला कुणी नाही, ऑक्सिजन H घेतो: अल्डोल. एनोलेट एस्टरवर बसला, एथॉक्साइड जाऊ शकतो, C=O परत येतो: क्लेझन. चाचणीतलं अ‍ॅसिटाल्डिहाइड इथलंच. त्याच्या शेजारच्या कार्बनवर तीन H आहेत, म्हणून थंड सौम्य अल्कलीत 3-हायड्रॉक्सिब्युटेनल मिळतं, आणि तापवलं की पाणी जाऊन ब्युट-2-इनल. कॅनिझारोचा इथे संबंधच नाही.

क्लेझनवर एक जादा प्रश्न दिला होता, कारण तो पाठांतराला अचूक पकडतो. एथिल 2-मिथिलप्रोपेनोएट आणि सोडियम एथॉक्साइड. शेजारी एक H आहे, मग क्लेझन व्हायला हवं. ते नीट होत नाही. एस्टरच्या शेजारच्या H चा pKa 25 च्या आसपास, एथेनॉलचा 16, म्हणजे एथॉक्साइड मुळात एनोलेट फारच थोडं बनवतो आणि सगळी रिअ‍ॅक्शन उलटीकडे झुकलेली असते. नेहमीच्या क्लेझनमध्ये ती पुढे ओढली जाते ती शेवटच्या पायरीने: तयार झालेल्या बीटा-कीटोएस्टरच्या मधल्या कार्बनवर अजून एक H असतो, त्याचा pKa 11 च्या आसपास, आणि बेस तो उचलून माघारीची वाट बंद करतो. इथे तो दुसरा H नाहीच. वाट उघडी राहते आणि सगळं परत फिरतं. हे प्रॉडक्ट हवंच असेल तर याहून बराच तीव्र बेस लागतो.

कॅनिझारोने शिडीला दिलेला धक्का

शिडी वापरताना तिला एक विसंगती दिसली, आणि ती तिची तिने शोधली याचं मला कौतुक वाटलं. बेंझाल्डिहाइड आणि तीव्र अल्कली मिळून बेंझिल अल्कोहोल आणि सोडियम बेंझोएट होतं. स्टानिस्लाओ कॅनिझारोने 1853 मध्ये हेच नोंदवलं. मेकॅनिझममध्ये OH⁻ कार्बोनिलवर बसतो आणि मग त्या कार्बनवरून H जोडीसकट निघतो. “पण मॅडम, तुम्हीच म्हणालात हायड्राइड जात नाही. 35 ची पायरी!”

नियम मोडलेला नाही, पण त्याच्या शब्दांकडे नीट बघावं लागतं. हायड्राइड *एकटा* बाहेर पडत नाही. कॅनिझारोत तो द्रावणात सुटतच नाही. शेजारी आलेल्या दुसऱ्या बेंझाल्डिहाइडच्या कार्बनकडे तो हातोहात सोपवला जातो. पुरावा साधा आहे. हीच रिअ‍ॅक्शन जड पाण्यात, D₂O मध्ये केली तर बेंझिल अल्कोहोलच्या CH₂ वर ड्युटेरियम येत नाही. H पाण्यातून फिरून आला असता तर तिथे D दिसला असता. शिवाय अल्कली तीव्र लागते, कारण खूप OH⁻ असेल तर इंटरमीजिएटचा दुसरा प्रोटॉनही उचलला जातो, कार्बनवर दोन O⁻ येतात, आणि त्यांचा रेटा मिळाल्यावर H ढकलला जातो. आणि मुळात ही वेळ येते तीच शेजारी H नसलेल्या अल्डिहाइडवर. तिथे अल्डोलची सोपी वाट बंद असते, म्हणून ही अवघड वाट धरली जाते.

याच धर्तीवर तिने विचारलं की अमाइडचं अल्कलीत हायड्रॉलिसिस होतं, मग NH₂⁻ कसा जातो. तो तसाच जात नाही. जाताना नायट्रोजन पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि अमोनिया म्हणून बाहेर पडतो. तरीही ते काम संथ चालतं, बराच वेळ उकळावं लागतं. उकळण्याची अट वहीत होती, कारण नव्हतं.

जिथे ही पद्धत चालत नाही

वहीतली साधारण एक पंचमांश समीकरणं या चौकटीत बसली नाहीत, आणि ती बळेच बसवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. क्लेमेन्सन रिडक्शन जस्ताच्या पृष्ठभागावर होतं आणि त्याचं मेकॅनिझम आजही पूर्ण उलगडलेलं नाही. ते पाठच करावं. रोझेनमुंडमध्ये पॅलेडियमला मुद्दाम मंद केलेलं असतं म्हणून अ‍ॅसिड क्लोराइड अल्डिहाइडवर थांबतं. थांबण्यामागचा हेतू समजतो, पण ‘पॅलेडियम आणि बेरियम सल्फेट’ हे बाणांवरून सुचणार नाही. बरेचसे ऑक्सिडेशनही याच जातीचे. या रिअ‍ॅक्शन्सची तिने वेगळी दोन पानं केली, तीही मूळ लाल शाईतच.

दुसरी मर्यादा जरा धोक्याची आहे. बाण नीट काढता आले म्हणजे रिअ‍ॅक्शन होतेच असं नाही. कागदावर डायआयसोप्रोपिल कीटोनवर टर्शरी-ब्युटिल ग्रिन्यार छान बसतो. प्रत्यक्षात दोन्हीकडची गर्दी इतकी की तो कार्बनपर्यंत पोचत नाही. त्याऐवजी तो शेजारचा H उचलतो किंवा स्वतःचा हायड्राइड देऊन कीटोनचं अल्कोहोल करतो. म्हणजे हल्ल्याआधी ‘जागा आहे का’ हेही पाहायला हवं, आणि किती गर्दी म्हणजे फार गर्दी, हे उदाहरणं पाहूनच कळतं.

वेळेचा हिशोबही सांगायला हवा. सुरुवातीला ती आधीपेक्षा हळू झाली. ज्या समीकरणाला आधी क्षण पुरायचा त्याला आता अर्धं पान लागायचं. हळूहळू कागदावर पूर्ण मेकॅनिझम काढणं बंद झालं आणि समासात फक्त एक खूण उरली: इंटरमीजिएटचा क्रॉस, चार टोकांना चार ग्रुप, आणि जाणाऱ्याभोवती गोल. पुढच्या चाचणीत कार्बोनिलच्या अनोळखी प्रश्नांची उत्तरं बहुतेक बरोबर आली. पाठांतराच्या सरळ प्रश्नांत मात्र एक-दोन रिएजंटची नावं उलटसुलट झाली, आधी ती कधी होत नसत.

तिचा सध्याचा अडलेला प्रश्न C=C ला जोडून C=O असलेल्या कीटोनचा आहे. तिथे भुकेले कार्बन दोन असतात: कार्बोनिलचा, आणि C=C च्या दूरच्या टोकाचा. मिथिल लिथियम पहिल्यावर जातं, तांब्याचं संयुग असलेलं (CH₃)₂CuLi दुसऱ्यावर. निघून कोण जाणार हा प्रश्न इथे काहीच मदत करत नाही, कारण दोन्हीकडे जाणारं कुणी नाही. इथला प्रश्न हल्लेखोर कुठे उतरतो हा आहे, आणि त्यासाठी न्यूक्लिओफाइल ‘कठीण’ की ‘मृदू’ हे तिला नव्याने शिकावं लागतंय. ग्रिन्यारचं उत्तर तर कीटोनच्या आकारानुसार बदलतं, दोन्ही प्रॉडक्ट मिसळूनही मिळतात. त्या पानावर तिने अजून गोल काढलेला नाही.